चारी क्रमांक 5 : टेलपर्यंत पाणी पोचवण्याच्या नोंदी (रब्बी 2024-25)

14 ऑक्टोबर 2024

आजपासून ही वही सुरू. पाणी वापर संस्थेच्या बैठकीत ठरलं, की रब्बीची पहिली दोन आवर्तनं, म्हणजे कालव्याचं पाणी सुटतं ते ठरावीक दिवस, चारी क्रमांक 5 वर मोजून चालवायची. सगळ्या लघुवितरिकेवर एकदम हात घालायचा नाही. चारी 5 निवडली कारण तिच्यावरच्या टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, तक्रारी सगळ्यात जुन्या आहेत, आणि तिच्यात तीन ठिकाणी पक्के धबधबे, म्हणजे पाणी एकदम खाली पडायच्या पायऱ्या, बांधलेले असल्यामुळे प्रवाह मोजता येतो.

चारीची माहिती: चारीत पाणी सोडणाऱ्या विमोचकाचं तोंड सेकंदाला 30 लिटरचं, म्हणजे साधारण एक क्युसेक. लांबी 1400 मीटर, सगळी मातीची. माती काळी, वरच्या अंगाला थोडी मुरमाड. कागदावर भिजणारं क्षेत्र 31 हेक्टर. आतापर्यंतची पद्धत अशी, की आवर्तन सुटलं की वरच्याने आधी दारं मोडायचं, त्याचं भागलं की खालच्याने. याला सगळे शेजपाळी म्हणत, पण शेजपाळीत प्रत्येकाचा दिवस आणि वेळ आधी कागदावर लागते. इथे ‘भागलं’ कधी, ते वरचाच ठरवायचा. उसाचं कधी भागत नाही.

कायद्याने आमची बाजू चांगली आहे. 2005 च्या सिंचन व्यवस्थापन अधिनियमाप्रमाणे संस्थेला पाणी घनमापाने मिळतं आणि व्यवस्थापन समितीत वरचा, मधला, खालचा असे तिन्ही भाग सारख्या संख्येने असतात. पण हे सगळं वितरिकेच्या तोंडापर्यंत. तिथून आत पाणी कसं वाटायचं, ते आमचं आम्ही बघायचं.

23 ऑक्टोबर

क्षेत्राची यादी नव्याने केली. सातबाऱ्यावरचं क्षेत्र घेतलं तर 31 हेक्टर येतं. प्रत्यक्ष चारीच्या पाण्याच्या पातळीखाली, म्हणजे मोटारीशिवाय भिजतं ते 28 हेक्टरच. तीन हेक्टर उंचवट्यावर आहे. त्या तिघा खातेदारांना आजवर पाळी मिळायची, आणि ते ती पाळी शेजाऱ्याला ‘द्यायचे’. कशाच्या बदल्यात, ते विचारलं नाही.

यादी लावताना पीक विचारायचं नाही असं ठरवलं. पाळी क्षेत्रावर. ऊस असो, कांदा असो, हरभरा असो, एकराला वाटा तेवढाच. हा मुद्दा सगळ्यात आधी पक्का केला, कारण पिकाची गरज धरून वाटायला गेलं की ज्याने जास्त पाण्याचं पीक लावलं त्याला जास्त पाणी आपोआप मिळतं, आणि पुढच्या वर्षी सगळेच ऊस लावतात.

टप्पे तीन पाडले. वरचा 10 हेक्टर, मधला 10, टेल 8.

8 नोव्हेंबर

गावात सगळीकडे निवडणुकीची धामधूम, त्यामुळे मतदान होईपर्यंत बैठक नाही. तेवढ्यात मोजमापाचं साहित्य करून घेतलं.

वेल्डरकडून लोखंडी पत्र्याच्या तीन पाट्या बनवल्या. पाटीत काटकोनी खाच, इंग्रजी व्हीसारखी. खाचेतून पडणाऱ्या पाण्याची उंची मोजली की प्रवाह निघतो. सूत्र साधं आहे:

Q = 1.38 × H^2.5

यात H म्हणजे खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मीटरमध्ये, आणि Q म्हणजे प्रवाह, सेकंदाला घनमीटर. उंची 21.6 सेंटिमीटर आली की प्रवाह 30 लिटर. दर वेळी गणित कोण करणार, म्हणून अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरला लिटरचे आकडे लिहिलेला तक्ता करून पोरांच्या हातात दिला.

दोन गोष्टी पाळायच्या. उंची खाचेवर मोजायची नाही, तिथे पाणी वाकलेलं असतं. वरच्या अंगाला साधारण एक मीटरवर खुंटी ठोकून तिच्यावर मोजायची. आणि पाटीच्या खालच्या बाजूचं पाणी खाचेच्या टोकाच्या खालीच राहिलं पाहिजे, धार मोकळी पडली पाहिजे. खालचं पाणी चढून खाच बुडली तर आकडा जास्तीचा दिसतो आणि आपण उगाच खूश होतो. म्हणून पाट्या धबधब्यांवरच बसवल्या: एक तोंडाजवळ, दुसरी 700 मीटरवर, तिसरी अगदी शेवटी.

21 नोव्हेंबर

बैठक झाली. पहिलं आवर्तन सगळ्यांना सारखा वेळ देऊन चालवायचं आणि मोजायचं. क्रम टेलकडून वर.

उलटा क्रम नवा नाही. नाशिक जिल्ह्यात ओझरकडे वाघाड कालव्याच्या शेपटाकडच्या संस्थांनी 1990 च्या दशकात सुरुवात केली, आणि खालून वर पाणी नेण्याची रीत तिथली म्हणून सगळ्यांना ऐकून माहीत आहे. आमच्या तात्यांचा (वरच्या टप्प्यातले, ऊस) विरोध रीतीला नव्हता. त्यांचं म्हणणं, ‘शेवटी माझ्यापर्यंत येईस्तोवर आवर्तन बंद झालं तर?’ प्रश्न रास्त आहे. टेलवाल्यांनी आजवर हेच भोगलं.

उत्तर म्हणून राखीव वेळ ठेवली. आवर्तन 11 दिवस, म्हणजे 264 तास. त्यातले 2 तास चारी भरायला आणि 10 तास राखीव: चारी फुटली, पाणी कमी आलं, तर भरून द्यायला. उरले 252 तास. भागिले 28 हेक्टर, म्हणजे हेक्टरी बरोबर 9 तास. एकरी 3 तास 38 मिनिटं.

चारी भरायचा वेळ वेगळा काढण्याची कल्पना पंजाब-हरियाणातल्या वाराबंदीची. तिथे आठवड्याच्या 168 तासांची वाटणी होते, आणि कोरड्या चारीत पाणी पुढे सरकवायला ज्याचा वेळ जातो त्याला ‘भराई’ म्हणून तेवढी मिनिटं मिळतात. चारीत साठलेलं पाणी ज्याला शेवटी फुकट मिळतं त्याच्या वेळेतून ते वजा होतं. आमच्याकडे खालून वर जाणार असल्यामुळे चारी एकदाच भरायची आहे, म्हणून भराई सगळ्यांच्या खात्यातून एकदाच.

25 नोव्हेंबर

सकाळी 6 ला तोंड उघडलं. चारीच्या सगळ्या पोटतोंडांना माती घालून ती बंद होती. पाण्याच्या तोंडाबरोबर चालत गेलो. मुरमाड भागात पाणी पळतं, काळ्या भागात भेगांमध्ये शिरून तिथेच घुटमळतं. टेलला पोचायला दोन तासांना थोडं कमीच लागलं, म्हणजे अंदाज जमला.

संध्याकाळी शेवटच्या पाटीवर 16.8 सेंटिमीटर, म्हणजे 16 लिटर. तोंडाला 30 चालू होते.

26 नोव्हेंबर

सकाळी, पाणी चालू होऊन 24 तास झाल्यावर तिन्ही पाट्या वाचल्या.

तोंडाला 21.6 सेंटिमीटर, म्हणजे 30 लिटर.
700 मीटरवर 20.1 सेंटिमीटर, म्हणजे 25 लिटर.
शेवटी 18.0 सेंटिमीटर, म्हणजे 19 लिटर.

काल संध्याकाळच्या 16 चे आज 19 झाले, कारण भेगा बुजल्या आणि माती पिऊन तृप्त झाली. खालून वर जाण्यात हे एक नुकसान आहे जे कोणी बोलत नाही: चारी सगळ्यात जास्त गळते ती पहिल्या दिवशी, आणि पहिल्या दिवशी पाळी टेलवाल्याची असते. वरच्याची पाळी येते तोवर चारी मुरलेली असते. पुढच्या आवर्तनात पहिल्या खातेदाराला राखीवातून थोडा वेळ द्यावा लागेल.

आता मुख्य गोष्ट. तोंडाला 30 आणि शेवटी 19. म्हणजे 11 लिटर रस्त्यात गेले, एक तृतीयांशापेक्षा जास्त. चोरी आहे का, ते बघायला सगळी तोंडं हाताने तपासली, रात्री बॅटरी घेऊन पुन्हा पाट्या वाचल्या. दिवसा-रात्री आकडा तोच. चोरी असती तर आकडा एका वेळी घसरून दुसऱ्या वेळी सावरला असता, आणि घसरण एका ठिकाणी एकदम दिसली असती. इथे ती सगळ्या लांबीवर पसरली आहे. उंदरांची बिळं, गवत, आणि मधल्या टप्प्यात एका ठिकाणी चारीचा काठ खचून बाजूच्या नालीत सतत ओघळ.

1 डिसेंबर

काल रात्री 11 ते पहाटे 5 तोंडाच्या पाटीवर फक्त 19.0 सेंटिमीटर, म्हणजे सुमारे 21.7 लिटर. वितरिकेचीच पातळी उतरली होती. वरच्या गावात रात्री काठावर मोटारी लागतात, सगळ्यांना ठाऊक आहे.

पाळी मधल्या टप्प्यातल्या दोघा भावांची होती. घड्याळाने त्यांना त्यांचे तास मिळाले, पाणी मिळालं नाही. सहा तासांत साधारण 28 टक्के कमी, म्हणजे पूर्ण प्रवाहाचे 1 तास 40 मिनिटं बुडाले. राखीवातून दिले. त्यासाठी त्यांच्यापुढच्या सगळ्यांच्या पाळ्या तेवढ्या पुढे ढकलल्या आणि फळ्यावर नवं वेळापत्रक लावलं. कोणी कुरकुर केली नाही, कारण वाचनाच्या वहीत दर दोन तासांचे आकडे आणि वाचणाऱ्याची सही होती.

नियम लिहून टाकला: तोंडाला 20 सेंटिमीटरच्या खाली गेलं की त्या वेळेची भरपाई. 20 ते 21.6 मध्ये फरक सोडून द्यायचा, नाहीतर हिशेबातच रब्बी संपेल.

6 डिसेंबर

सकाळी 6 ला तोंड बंद. टेलच्या आठ हेक्टरांत यंदा पहिल्याच आवर्तनात पाणी पोचलं. आबा (टेलचे, कांदा आणि गहू) म्हणाले, ‘पानी आलं खरं, पन अर्धंमुर्धंच भिजलं.’

आबांचं खरं आहे. सारखा वेळ दिल्यावर पाणी किती मिळालं ते काढलं. टप्प्याच्या मधोमध प्रवाह वरच्याला 28 लिटर, मधल्याला 25, टेलला 21 धरला, तर एकराला मिळालेलं पाणी असं:

वरचा टप्पा: 3 लाख 67 हजार लिटर
मधला: 3 लाख 28 हजार
टेल: 2 लाख 75 हजार
शेवटचं शेत: 2 लाख 49 हजार

क्रम उलटा केला, वेळ सारखा केला, तरी शेवटच्या शेताला वरच्याच्या दोन तृतीयांश. घड्याळ न्याय करतंय असं दिसतं म्हणून कोणाला बोलता येत नाही, एवढाच फरक.

15 डिसेंबर

आजची बैठक लांबली. मांडलेला प्रस्ताव: तास सारखे नकोत, पाणी सारखं हवं. वाहताना झालेली गळती सगळ्यांच्या खात्यातून जाईल.

गणित फळ्यावर केलं, सगळ्यांसमोर. हेक्टरला V घनमीटर द्यायचं ठरवलं, तर वरच्याला एक हेक्टरसाठी V भागिले 100.8 तास लागतात (28 लिटर सेकंदाला म्हणजे 100.8 घनमीटर तासाला), मधल्याला V भागिले 90, टेलला V भागिले 75.6. पहिल्या दोघांना दहाने, टेलला आठने गुणून बेरीज 252 तासांशी जुळवली की V येतो 797 घनमीटर, म्हणजे शेतात साधारण आठ सेंटिमीटर पाणी. एकरी वेळ:

वरचा: 3 तास 12 मिनिटं
मधला: 3 तास 35 मिनिटं
टेल: 4 तास 16 मिनिटं

तात्या उठले. ‘चारी गळती, त्यात माझा काय दोष? मी माझे 26 मिनटं खालच्याच्या बिळात का घालू?’ वरच्या टप्प्यातले बरेच जण मान हलवत होते.

आबा म्हणाले, ‘बिळं माझ्या शेतात न्हाईत. तुमच्या काठाला हायेत.’

मग मधल्या टप्प्यातल्या मावशी, ज्या सहसा बोलत नाहीत, म्हणाल्या, ‘तात्या, गळलेलं पानी जातं कुठं? तुमच्या हिरीला उन्हाळ्यातबी दोन परस पानी असतंय. आमच्या हिरी मार्चात कोरड्या.’

हे सगळ्यात वजनदार निघालं. वरच्या टप्प्यातल्या विहिरी चारी आणि वितरिकेच्या पाझरावर टिकतात. गळती वाया जाते ती चारीच्या हिशेबात. जमिनीखालून ती ज्याच्याकडे वाहत जाते त्याला ती मिळतेच. मी फक्त एवढंच जोडलं, की यंदाच्या मोजणीत गळतीचा कोणता भाग विहिरीत उतरतो ते आपल्याकडे नाही, त्यामुळे विहिरी वाटणीत धरायच्या नाहीत. त्या धरल्या तर बैठक मार्चपर्यंत चालेल.

तोडगा निघाला तो तात्यांच्याच वाक्यातून. ‘मग गळती थांबवा, माझे मिनटं परत द्या.’ ठराव झाला: दर आवर्तनात पाणी चालू झाल्यापासून 24 तासांनी तिन्ही पाट्या वाचायच्या, आणि त्याच आकड्यांवर पाळीचं वेळापत्रक लावायचं. तोवरच्या 24 तासांसाठी मागच्या वेळचे आकडे. गळती कमी झाली की सगळ्यांचं पाणी वाढेल, आणि वरच्याचे तासही.

आणखी दोन ठराव. एक, पाळीचा क्रम तोच, पण आवर्तन सुरू करायची वेळ एकदा सकाळी 6, पुढच्या वेळी संध्याकाळी 6. त्यामुळे ज्याची पाळी यंदा रात्री पडली त्याची पुढच्या वेळी साधारण दिवसा पडेल. वाराबंदीतही असाच 12 तासांचा फेर असतो. रात्रीचं दारं धरणं म्हणजे थंडी, साप, आणि आता बिबट्या. हा भाग सगळ्यांना सारखा वाटला गेलाच पाहिजे. मावशींसारख्या एकट्या खातेदारांना अदलाबदल करायची मुभा, मात्र वहीत दोघांच्या सह्या हव्यात.

दोन, पाणी शेतकऱ्याने स्वतः मोडायचं नाही. दोन पोरं ठेवायची, पाणीपट्टीबरोबर एकरी वर्गणी काढून. खानदेशात पांझरेच्या फडांवर बारेकरी शेतात पाणी देतो, खातेदार चारीला हात लावत नाही. तीच रीत. याला मात्र विरोध झाला नाही, कारण रात्री उठायचं कोणालाच नको आहे.

29 डिसेंबर

चारी साफ करायला तीस-एक माणसं आली. मागच्या वर्षी अशाच हाकेला फक्त टेलवाले आले होते. यंदा वरच्या टप्प्यातले जास्त. तात्यांनी स्वतःचा ट्रॅक्टर आणि डिझेल दिलं, आणि ते चारीवर उभे राहून दिवसभर ओरडत होते.

केलेलं काम: गवत उपटून काठ धोपटले. बिळं उकरून ओल्या काळ्या मातीने ठासली. वरून माती टाकून बुजवलेलं बीळ पहिल्याच पाण्यात परत उघडतं, म्हणून उकरावंच लागतं. खचलेल्या काठाचा साधारण 60 मीटरचा तुकडा पूर्ण काढून काळी माती थर टाकून, प्रत्येक थर पाणी शिंपडून कुदळीच्या मागच्या बाजूने ठोकून बांधला. सिमेंटची मागणी झाली, ती टाळली. साठ मीटरच्या पट्ट्याला पैसे आहेत, पण त्याच्या पुढच्या सांध्यात पाणी जागा शोधतं.

12 जानेवारी 2025

दुसरं आवर्तन संध्याकाळी 6 ला सुरू. रात्री 8 पासून टेलची पाळी. पहिल्या खातेदाराला राखीवातून 40 मिनिटं.

13 जानेवारी

संध्याकाळी 6 ला वाचन, सगळ्या टप्प्यांचा एक-एक माणूस हजर:

तोंडाला 21.6 सेंटिमीटर, 30 लिटर.
शेवटी 19.4 सेंटिमीटर, 23 लिटर.

गळती 11 लिटरवरून 7 वर. टप्प्यांच्या मधले प्रवाह 29, 27 आणि 24 धरून नवं वेळापत्रक काढलं. हेक्टरी पाणी 797 वरून 865 घनमीटर. एकरी वेळ वरच्याला 3 तास 21 मिनिटं, मधल्याला 3 तास 36, टेलला 4 तास 3.

टेलच्या एकाने हरकत घेतली, की त्याचे 13 मिनिटं कमी झाले. त्याला एकराचा हिशेब दाखवला: आधीच्या वेळापत्रकात एकराला 3 लाख 23 हजार लिटर बसत होते, आता 3 लाख 50 हजार. मिनिटं कमी, पाणी जास्त. त्याने आकडा दोनदा वाचून घेतला आणि तरीही म्हणाला, ‘मिनटंच बरी हुती, मोबाइलवर दिसत्यात.’

18 जानेवारी

रात्री दीडच्या सुमाराला 500 मीटरवर काठ फुटला. बिबट्या नव्हे, कोणीतरी कुदळीने फोडलेला, कडा सरळ होती. पाण्याने फुटलेल्या काठाची कड खालून पोखरलेली आणि तिरकी असते. पोरांनी तासाभरात बांधला. त्या काळातला तोटा राखीवातून भरून दिला.

कोण, ते जवळपास सगळ्यांना माहीत आहे. वहीत नाव लिहिलेलं नाही. अध्यक्ष त्याच्या घरी जाऊन आले.

23 जानेवारी

संध्याकाळी 6 ला तोंड बंद. राखीवातले साडेतीन तास शिल्लक राहिले, ते ठरल्याप्रमाणे टेलकडच्या शेवटच्या दोन शेतांना दिले, कारण चारी त्या वेळी भरलेलीच होती आणि पाणी खालीच जाणार होतं.

आबांच्या गव्हाला एक पाणी पूर्ण बसलं. कांद्याला त्यांनी अर्धंच घेतलं, उरलेले तास मधल्या टप्प्यातल्या एकाला सही करून दिले, त्याचा हरभरा फुलावर होता. अशा अदलाबदली या आवर्तनात सहा झाल्या. ही गोष्ट ठरावात धरली नव्हती. तिला आडकाठी करायची नाही, पण तास विकायला लागले तर तीन हेक्टर उंचवट्याचा जुना प्रकार परत सुरू होईल. पुढच्या बैठकीत यावर बोलायला हवं: अदलाबदल तासाला तास, पुढच्या आवर्तनात परत, पैशात नाही.

9 फेब्रुवारी

चारी 3 आणि 6 चे लोक वेळापत्रक मागायला आले होते. त्यांना वेळापत्रक दिलं नाही, ते ज्या त्या चारीच्या मोजणीवरच लागतं. आमच्या पाट्याही दिल्या नाहीत. दोन्ही चाऱ्यांत धबधबे नाहीत, जमीन सपाट, तिथे आमची खाच बुडेल. त्यांच्यासाठी पार्शल फ्ल्यूम, म्हणजे मध्ये अरुंद केलेला मोजणीचा पन्हाळ, लागेल, कारण त्याला पातळीचा फरक कमी चालतो. तो पत्र्याचा करून मिळतो का, ते वेल्डरला विचारायचं आहे.

चारी 5 साठी उन्हाळी हंगामातलं पहिलं आवर्तन मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात धरलं आहे, तारीख कालवा सल्लागार समितीच्या निर्णयावर. सुरुवात सकाळी 6 ला. मधल्या आठवड्यांत चारी कोरडी राहून भेगा पडणार, म्हणून भराईला दोन ऐवजी अडीच तास, राखीव साडेनऊ. बिळांची पुन्हा पाहणी 2 मार्चला. तात्यांनी ट्रॅक्टर लागेल का म्हणून आधीच विचारून ठेवलं आहे.

वरच्या गावातल्या रात्रीच्या मोटारींचा प्रश्न तसाच. तो चारीच्या वहीत सुटणार नाही. वितरिकेच्या तोंडावर गेज लावून दर दोन तासांनी वाचणारा माणूस हवा, आणि त्याचे पैसे दोन्ही गावांनी मिळून द्यायचे. अध्यक्ष त्या गावच्या संस्थेशी बोलणार आहेत.